तेल चोळायचे पैसे

प्रश्न: आईला पंचकर्मासाठी आठ-नऊ दिवस ॲडमिट व्हायला सांगितलंय. आमची साधी फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे. त्यात आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या ॲडमिशनचे पैसे मिळतात का? अटी काय असतात?

मिळतात. पण आईच्या केसपेपरवर "पंचकर्मासाठी ॲडमिट" असं कुणी लिहायच्या आत हे वाचा. या दोनच शब्दांनी माझ्या सासूबाईंचे ४६,८०० रुपये सात महिने अडकवून ठेवले होते.

आणि हे मी सांगतेय, जी अकरा वर्षं एका आयुर्वेद कॉलेजच्या रुग्णालयात इन्शुरन्स डेस्कवर बसलेय. लोकांच्या फाइली लावल्या, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, क्वेऱ्यांना उत्तरं दिली, आणि घरच्याच माणसाचा क्लेम रिजेक्ट झाला. त्या दिवशी आमच्या भाऊजींना किती आनंद झाला असेल, विचारू नका. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, साताऱ्याला सासूबाई त्यांच्याकडेच असतात. माझ्या नोकरीला ते पहिल्या दिवसापासून "वहिनींचा स्पा" म्हणतात. "वहिनी, तेल चोळायचे पैसे विमा कंपनी कशाला देईल हो?" हे वाक्य मी अकरा दिवाळ्या ऐकलंय.

तर घडलं असं. सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. २०२४ च्या जूनमध्ये उजव्या पायात कंबरेपासून घोट्यापर्यंत कळ सुरू झाली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली दिसली. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गोळ्या आणि फिजिओथेरपी दिली, सहा आठवडे झाले, उतार नाही. नंतर मणक्यात इंजेक्शन, आणि नाहीच जमलं तर ऑपरेशन, असं बोलणं झालं. सासूबाई ऑपरेशनला तयार नव्हत्या. ऑगस्टमध्ये साताऱ्यातल्याच एका वैद्यांच्या आठ खाटांच्या रुग्णालयात त्या नऊ दिवस राहिल्या. पहिला दिवस तपासण्यांचा, पुढचे आठ दिवस योगबस्ती. बस्ती म्हणजे औषधी एनिमा. योगबस्ती म्हणजे आठ बस्तींचा क्रम, त्यात पाच तेलाच्या आणि तीन काढ्याच्या. काढ्याच्या बस्तीला निरूह म्हणतात. जोडीला कटिबस्ती, म्हणजे कंबरेवर कोमट तेल धरून ठेवणं, आणि पत्रपोट्टलीचा, म्हणजे औषधी पानांच्या पुरचुंडीचा शेक.

बिल असं होतं. खोली रोज १,८०० प्रमाणे १६,२००. वैद्यांची रोजची तपासणी ७०० प्रमाणे ६,३००. शेक ७,२००, कटिबस्ती ६,४००, निरूह ३,६००, तेलाच्या बस्ती २,५००. औषधं ३,४००, रक्त-लघवी १,२००. एकूण ४६,८००. हे रुग्णालय कंपनीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे कॅशलेस नाही. आधी भरायचे आणि मग मागायचे. ठरवून ॲडमिट होत असाल तर बहुतेक पॉलिसीत ४८ तास आधी कळवावं लागतं, तेवढं मी फोन आणि ईमेल दोन्ही करून घेतलं होतं. डिस्चार्जनंतर कागद पाठवायला आमच्या पॉलिसीत ३० दिवस होते, तेही पाळले.

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. नामंजूर. कारणं दोन. एक, रुग्णालयात किमान १० खाटा नाहीत. दोन, हे उपचार बाह्यरुग्ण विभागात येऊन-जाऊन घेता आले असते, ॲडमिट होण्याची वैद्यकीय गरज दिसत नाही. खाली अपवाद क्रमांक ०५ चा दाखला, म्हणजे विश्रांतीसाठीचं वास्तव्य. नऊ दिवस रात्र रात्र कळवळलेल्या बाईला "विश्रांती" म्हणणारं ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

पहिलं कारण साफ चुकीचं होतं, आणि तुमच्या कामाची पहिली अट इथेच आहे. १० खाटांची अट साध्या म्हणजे ॲलोपॅथीच्या रुग्णालयाची आहे. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात १०, मोठ्या शहरात १५. आयुष, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे पद्धतींच्या, रुग्णालयाची व्याख्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, वेगळी करून ठेवली आहे आणि ती तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत जशीच्या तशी छापलेली असते. रुग्णालय तीनपैकी एका प्रकारात बसलं पाहिजे: सरकारी आयुष रुग्णालय, मान्यताप्राप्त आयुर्वेद किंवा होमिओपॅथी कॉलेजला जोडलेलं रुग्णालय, नाहीतर खासगी. खासगी असेल तर जिथे नोंदणी लागते तिथे ती असावी, किमान पाच खाटा असाव्यात, चोवीस तास पात्र आयुष डॉक्टर जबाबदार असावा, उपचारांचा स्वतंत्र विभाग असावा आणि रोजच्या नोंदी ठेवलेल्या असाव्यात, ज्या कंपनीच्या माणसाला पाहता येतील. खाटा पाच. आमच्याकडे आठ होत्या. पत्र लिहिणाऱ्याने चुकीचं पान उघडलं होतं, बस्स.

म्हणून आईला जिथे नेणार आहात तिथे दर विचारायच्या आधी नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा. त्यावर खाटा किती लिहिल्यात ते बघा. प्रत्यक्षात सात खाटा आणि कागदावर चार, असं मी पाहिलंय, आणि क्लेमला कागदावरच्याच धरतात. रात्री डॉक्टर असतो का, हेही विचारा. "वैद्य वरच्या मजल्यावरच राहतात" हे उत्तर चालून जातं. "फोन केला की येतात" याला मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आता दुसरं कारण. इथे मला थोडी शरम वाटते, कारण कंपनीचं म्हणणं कागदावरून पाहिलं तर खरंच होतं. सासूबाईंचा केसपेपर मी डिस्चार्जच्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. ॲडमिशनच्या रकान्यात लिहिलेलं: "पंचकर्मासाठी दाखल." रोजची नोंद: "रुग्ण बरा. चिकित्सा तीच." दुसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच. मी टीपीएच्या डॉक्टरच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं, बाई बऱ्या आहेत तर खाट कशाला अडवली?

मी वैद्यांना तिथल्या तिथे म्हटलं, "सर, हे असं नाही चालायचं." ते हसले. म्हणाले, "ताई, आम्ही रोगी बरा करतो, कागद नाही." हे वाक्य मी माझ्या रुग्णालयातही कैक ज्येष्ठ वैद्यांकडून ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. अहो, रोगी बरा केलात हे त्या बंद खोलीबाहेर कुणाला कळणार? एखादा सर्जन टाके किती घातले तेही लिहितो. तुम्ही बस्ती किती वाजता दिली, किती वेळाने परत आली, वेग किती झाले, म्हणजे शौचाला किती वेळा झालं, हे लिहायला काय झालं? ते लिहायला तुमच्याच ग्रंथांनी सांगितलंय, विमा कंपनीने नाही. निरूह एका मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांत परत आली पाहिजे, नाहीतर पुढचा उपाय करावा लागतो, हे तर तुम्हीच शिकवता.

पॉलिसीत "वैद्यकीय गरज" या शब्दांची व्याख्या असते. तिचा अर्थ साध्या भाषेत एवढाच की, सुरक्षितपणे उपचार द्यायला जेवढी व्यवस्था लागते तेवढीच घेतली पाहिजे, त्यापेक्षा जास्त नाही. उपचार आयुर्वेदिक आहेत यावर हल्ली क्लेम क्वचित अडतो. अडतो तो "घरून येऊन-जाऊन का नाही जमलं" या प्रश्नावर. ॲडमिट होऊन २४ तास पूर्ण झाले की काम झालं, असं समजणाऱ्यांचे क्लेम मी रोज परत येताना पाहते. २४ तास ही किमान अट आहे. त्याच्या वर गरज दाखवावी लागतेच.

आमचा क्लेम वाचला तो वैद्यांमुळे नाही, पंचकर्म विभागात काम करणाऱ्या मावशींमुळे. त्यांचं एक लांबट रजिस्टर होतं, हळदीचे आणि तेलाचे डाग पडलेलं. त्यात प्रत्येक पेशंटची वेळ, बस्ती परत यायला लागलेली मिनिटं, वेग, शेकाआधीचं बीपी, सगळं ओबडधोबड अक्षरात. सासूबाईंच्या पाचव्या दिवसापुढे, म्हणजे दुसऱ्या निरूहाच्या दिवशी, लिहिलेलं होतं: चार वेग, घाम, चक्कर, साखर ६८, डॉक्टरांना बोलावलं, साखरपाणी दिलं, पुन्हा साखर ११२. वैद्यांच्या केसपेपरवर त्याच तारखेला काय होतं? "रुग्ण बरा."

आता सांगा, ६८ वर्षांची मधुमेही बाई, पाय सरळ उचलता येत नाही, तिला काढ्याची बस्ती देऊन रिक्षात बसवून दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पाठवायचं होतं का?

मी रजिस्टरच्या त्या पानांच्या सत्यप्रती घेतल्या. वैद्यांकडून एक प्रमाणपत्र घेतलं, आणि या वेळी समोर बसून, एकेक मुद्दा विचारून. निदान दोन्ही भाषांत: गृध्रसी, म्हणजे सायटिका, सोबत एमआरआयचा अहवाल. आधी सहा आठवडे काय उपचार झाले, त्याच्या चिठ्ठ्या. दाखल होताना उजवा पाय सरळ ठेवून ३० अंशांपर्यंतच उचलता येत होता, जाताना ७०. ॲडमिट का केलं: वय, मधुमेह, निरूहानंतर साखर आणि पाणी कमी होण्याचा धोका, जिना, गाडीत बसता न येणं. एक गोष्ट नीट समजून घ्या, यात एकही ओळ नंतर रचलेली नव्हती. जुन्या तारखेने केसपेपर पुन्हा लिहून देणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका. कंपनीचा माणूस मूळ कागद बघायला येतो, शाई बघतो, आणि मग खरा क्लेमही खोट्यात जमा होतो.

हे सगळं जोडून माझ्या मिस्टरांच्या नावाने, कारण पॉलिसी त्यांची, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. खाटांचा मुद्दा त्यांनी मुकाट्याने सोडला, दुसरा तसाच ठेवला. मग विमा लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, पुण्याच्या कार्यालयात. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, त्यामुळे ४६ हजारांसाठी जाण्यात लाज वाटून घेऊ नका. सुनावणीची वेळ आलीच नाही. तारीख लागण्याआधी कंपनीने फाइल पुन्हा उघडली आणि मार्चमध्ये ४५,७०० रुपये खात्यात जमा झाले. १,१०० रुपये कापले.

भाऊजींना मी मेसेज केला नाही. बँकेच्या मेसेजचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, एवढंच.

त्यांच्या बाजूने एक सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलते. स्पा हा शब्द पॉलिसीत खरंच आहे. अपवाद क्रमांक १३ मध्ये स्पा, निसर्गोपचार केंद्रं आणि तशा जागांमधले उपचार सरळ वगळले आहेत, आणि ते बरोबरच आहे. डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये चौदा दिवसांचं "कायाकल्प पॅकेज" घ्यायचं, सकाळी योगा, दुपारी शिरोधारा, संध्याकाळी स्विमिंग पूल, आणि नंतर आमच्यासारख्यांकडे येऊन "डिस्चार्ज कार्ड मिळेल का हो?" विचारायचं. असे लोक दर मे महिन्यात येतात. त्यांच्यामुळेच टीपीएचा डॉक्टर पंचकर्म शब्द दिसला की आधी भुवई उंचावतो. शरीरशुद्धी, ऋतुशोधन, वजन कमी करणं, थकवा जाणं, या कारणांनी ॲडमिट झालात तर पैसे मागूच नका. आजार लागतो, नाव असलेला. माझं भाऊजींशी भांडण एवढंच की रिसॉर्ट आणि रुग्णालय यांतला फरक त्यांना अकरा वर्षांत दिसला नाही, आणि माझं वैद्यांशी भांडण हे की तो फरक कागदावर दाखवायची तसदी ते घेत नाहीत.

मर्यादेचं राहिलं. पूर्वी बऱ्याच पॉलिसींमध्ये पाच लाखांचा विमा असला तरी आयुषसाठी वेगळी छोटी मर्यादा असायची. आमच्याही २०१८ च्या कागदात २५,००० होती. आयआरडीएआयने ३१ जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलं की आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवा आणि कॅशलेससाठी आयुष रुग्णालयं यादीत घ्यायची पद्धत ठरवा. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून जुनं पुस्तक बघून घाबरू नका, शेवटच्या नूतनीकरणाबरोबर आलेली पुस्तिका बघा. पीडीएफमध्ये AYUSH हा शब्द शोधा, दोन-तीन ठिकाणी सापडेल: व्याख्येत, लाभांच्या यादीत, आणि असेलच तर मर्यादांच्या तक्त्यात. तिन्ही ठिकाणं वाचा. आरोग्य संजीवनी असेल तर आयुषचं ॲडमिशन पूर्ण विमा रकमेपर्यंत आहे, फक्त प्रत्येक क्लेमवर ५ टक्के तुमचे जातात.

होमिओपॅथीचं विचारलंय. नियम अक्षरशः तेच, रुग्णालयाची व्याख्या तीच. पण खरं सांगू? क्लेम बसवणं फार अवघड. आमच्या शेजारच्या होमिओपॅथी कॉलेजच्या डेस्कवरची मैत्रीण सांगते, वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. औषध तोंडाने घ्यायचं, दिवसातून तीन वेळा चार गोळ्या. मग खाटेची गरज सिद्ध करणार कशी? दम्याचा ॲटॅक, तापात पाणी कमी झालेलं मूल, असं काही असेल जिथे देखरेख लागतेच, तर कॉलेजच्या रुग्णालयात ॲडमिट झाल्याचा क्लेम बसतो. बिलात मग मुख्यतः खोली आणि तपासण्या असतात. पण होमिओपॅथी डॉक्टरच्या देखरेखीखाली ॲडमिट आणि चार्टवर सगळी सलाईन आणि अँटिबायोटिक, असं असेल तर क्वेरी येणारच. आणि महिनोन्‌महिने चालणारी होमिओपॅथीची बाह्यरुग्ण औषधं साध्या पॉलिसीत नाहीत, त्यासाठी ओपीडीचा वेगळा लाभ घेतलेला असावा लागतो. पुड्यांची बिलं साठवून ठेवणारे काका मला दर महिन्याला भेटतात.

आता तुमच्या आईचं. तिला नक्की काय त्रास आहे हे तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून एवढंच सांगते. पहिल्या दिवशी केसपेपरवर आजाराचं नाव, तो किती दिवसांचा, आधी काय करून पाहिलं आणि ॲडमिट का, या चार गोष्टी लिहून घ्या. वैद्यांना राग आला तर येऊ दे. रोज संध्याकाळी विचारा की आजची नोंद झाली का. पंचकर्म विभागात रजिस्टर आहे का तेही बघून ठेवा, आणि तिथल्या मावशींशी गोड बोला.

हेही तपासा, आधी लिहायला हवं होतं. सांधे, मणका, मूळव्याध, भगंदर अशा आजारांना बहुतेक पॉलिसीत पहिली दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आयुर्वेदाने उपचार घेतले म्हणून ती मुदत माफ होत नाही. मूळव्याध-भगंदरावर क्षारसूत्राचे, म्हणजे औषधी दोऱ्याचे, उपचार घेणाऱ्यांना हे नेहमी उशिरा कळतं. आधीपासूनचा आजार असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं. पॉलिसी कंपनीतर्फे, म्हणजे नोकरीच्या ठिकाणची असेल, तर अटी वेगळ्या असू शकतात, एचआरकडून पुस्तिका मागवा. रुग्णालय यादीत असेल तर कॅशलेसचाच आग्रह धरा. नियमाप्रमाणे विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि मुख्य म्हणजे नकार मिळायचा असेल तर पैसे भरायच्या आधी मिळतो. तक्रारीची पहिली पायरी कंपनीच. तिथे दाद लागली नाही तर bimabharosa.irdai.gov.in वर नोंदवता येते, तो नंबर लोकपालाच्या अर्जातही लिहा.

ते कापलेले १,१०० कशाचे, तर सासूबाईंनी जाताना घरी न्यायला घेतलेला च्यवनप्राशाचा डबा आणि तेलाची बाटली, दोन्ही चिठ्ठीशिवाय. ते कंपनीने बरोबर कापले. तसलं काही घ्यायचं असेल तर वेगळ्या बिलावर घ्या.